८० आसनांच्या मासळी-थाळी उपाहारगृहाचे स्वयंपाकघर : आराखडा, कामाचा ओघ आणि उपकरणांची निवड

मांडवीकाठ

नमस्कार. मी हॉटेल व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझाइनच्या पेपरमध्ये आम्हाला पणजीतील एका काल्पनिक उपाहारगृहाचे स्वयंपाकघर आखायला दिले आहे. आसने ८०, मुख्य धंदा दुपारच्या मासळी-थाळीचा, वेळ १२.३० ते ३.००, आणि या वेळेत सुमारे २०० थाळ्या जाव्यात अशी अपेक्षा आहे. जागा १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असून छत ३ मीटर उंचीवर आहे. एका अरुंद भिंतीला गल्लीकडचा मागचा दरवाजा आहे आणि समोरच्या अरुंद भिंतीपलीकडे जेवणाचा भाग आहे. मोजमापाचा आराखडा, उपकरणांची यादी आणि प्रत्येक उपकरण त्याच क्षमतेचे का घेतले याची कारणे, असे सगळे मागितले आहे.

माझ्या कच्च्या आराखड्यात शेगड्या मधोमध आहेत, मासळी साफ करण्याचे सिंक मागच्या दाराजवळ आहे आणि सांडपाण्याची मुख्य वाहिनी मागे असल्यामुळे भांडी धुण्याची जागाही मागच्या कोपऱ्यात ठेवली आहे. उपकरणांच्या क्षमता मात्र विक्रेत्यांच्या पुस्तिकेतून उचललेल्या आहेत आणि त्यांचे समर्थन करता येत नाही. कोठून सुरुवात करावी, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

रेखांश

मी वास्तुरचनेचा विद्यार्थी आहे. स्वयंपाकघराच्या आराखड्यात शेगडी, सिंक आणि फ्रिज हे तीन बिंदू जोडून त्रिकोण काढावा आणि त्याच्या तीन बाजूंची बेरीज मर्यादेत ठेवावी, असे आम्हाला शिकवले आहे. तुमच्या आराखड्यात हा त्रिकोण फार लांबट झालेला दिसतो. शेगड्या मध्यभागीच राहू द्याव्यात आणि सिंक व फ्रिज त्यांच्या जवळ आणावेत, म्हणजे बहुतेक अडचण सुटेल.

अन्नपूर्णा_फोंडा

रेखांश, तो त्रिकोण घरच्या स्वयंपाकघरासाठी आहे. तेथे एकच व्यक्ती साफ करते, चिरते, शिजवते आणि वाढते. येथे एकाच वेळी सात-आठ माणसे काम करणार आहेत आणि ती एकमेकांच्या आड येऊ नयेत हा मुख्य प्रश्न आहे. तुमचा नियम वाया जात नाही, पण तो एका कामाच्या जागेपुरता वापरावा. तवा सांभाळणाऱ्याच्या हाताशी रवा लावलेल्या तुकड्यांचे ताट, तेल आणि तळलेले ठेवण्याची जागा असावी, एवढ्यापुरता त्रिकोण उपयोगी पडतो. संपूर्ण खोली त्यावर आखू नये.

मांडवीकाठ, हा विषय मी पुष्कळ वर्षे शिकवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. बहुतेक विद्यार्थी आधी भिंती काढतात, मग त्यांत उपकरणे बसवतात आणि शेवटी त्यांचे समर्थन शोधतात. तुम्ही उलट जावे. आधी थाळीत काय आहे ते लिहावे, मग सर्वांत गर्दीच्या तासात त्यातले किती लागेल ते काढावे, त्यावरून उपकरणाची क्षमता ठरवावी आणि शेवटी भिंतीपाशी यावे. अडीच तासांत २०० थाळ्या म्हणजे ताशी सरासरी ८० होतात, परंतु दीडच्या सुमारास गर्दी वाढते, म्हणून गर्दीचा तास १०० थाळ्यांचा धरावा.

भाताचे उदाहरण घेऊ. गोव्यात थाळीतला उकडा भात पुन्हा मागितला जातो, म्हणून माणशी १२० ग्रॅम तांदूळ धरल्यास २०० जणांना २४ किलो लागतो. तो एकदम शिजवून ठेवल्यास शेवटच्या तासातला भात थंड आणि चिकट होतो, म्हणून १२ किलोचे दोन घाणे करावेत. उकडा तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून वेळायचा असतो. १२ किलोला ५० लिटर पाणी धरले, तर तांदळाने व्यापलेल्या जागेसह भांड्यात सुमारे ६० लिटर ऐवज होतो. उकळी वर येण्यासाठी पाव भांडे मोकळे ठेवायचे, म्हणजे ८० लिटरचे भांडे हवे. बाजारात त्यापुढचे सोयीचे माप १०० लिटरचे मिळते. १०० लिटर का, याचे हे उत्तर परीक्षकाला पटते. विक्रेत्याची पुस्तिका येथे शेवटी उघडायची.

आता हे भांडे कोठे ठेवायचे ते पाहा. भात वेळताना भांडे पुढे कलते आणि बरेचसे उकळते पाणी एकदम बाहेर येते. त्यामुळे तोंडासमोर जमिनीत जाळी लावलेले गटार हवे, समोर किमान दीड मीटर मोकळे हवे आणि तेथून कोणाचीही ये-जा नको. तुमच्या मधोमध ठेवलेल्या शेगड्यांना चारही बाजूंनी वाट आहे, त्यामुळे भात वेळणाऱ्याच्या पाठीमागून कोणीतरी सतत जात राहील. एवढ्या एका कारणासाठी शिजवण्याची रांग लांब भिंतीला न्यावी. धुराच्या दृष्टीनेही ते बरे पडते, पण त्यावर येथे दुसरे कोणी अधिक अधिकाराने सांगू शकेल.

म्हापसेकर

माझी म्हापशाच्या बाजाराजवळ छोटी खानावळ आहे, आसने जेमतेम २०. मला नवीन परवान्यासाठी आराखडा जोडायला सांगितले आहे. येथे दिलेले १० बाय ६ चे माप सक्तीचे आहे का? माझे स्वयंपाकघर ४ बाय ३ मीटरचे आहे आणि एवढी यंत्रे त्यात बसणार नाहीत.

अन्नपूर्णा_फोंडा

म्हापसेकर, हे माप परीक्षेच्या प्रश्नातले आहे, त्यामुळे ते तुम्हाला लागू नाही. आपल्या परवान्यासाठी कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवण्याची सोय, हात धुण्याचे स्वतंत्र बेसिन, पाण्याचा निचरा आणि झाकलेला कचरा या गोष्टी आराखड्यात स्पष्ट दाखवाव्यात. लहान जागेत वेगळी खोली शक्य नसते, तेव्हा वेळ वेगळी ठेवतात. सकाळी मासळी साफ करावी, मग ओटा धुऊन निर्जंतुक करावा आणि त्यानंतरच शिजलेले त्यावर यावे.

शेफ_वास्को

बाईंनी भाताचे सांगितले ते योग्यच आहे, पण मासळी-थाळीच्या स्वयंपाकघरात खोळंबा होतो तो तव्यावर. गर्दीच्या तासात १०० थाळ्या म्हणजे तळलेले १०० तुकडे. ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या तव्यावर इस्वणाचे, म्हणजे सुरमईचे, तुकडे कागदावर छत्तीस बसतात. कडा मात्र तेवढ्या तापत नाहीत, म्हणून चोवीस धरावेत. दोन्ही बाजू मिळून ८ मिनिटे लागतात, म्हणजे ताशी १८० होतात. प्रत्यक्षात खाली पडलेला रवा जळतो, तो खरवडून काढावा लागतो, तेल घालावे लागते, आणि आकडा ११० ते १२० वर येतो. येथपर्यंत ९०० चा तवा पुरतो.

बांगड्याच्या दिवशी मात्र तो पुरत नाही. अख्खा बांगडा लांब असतो, पोटाशी जाड असतो आणि रवा लावून कुरकुरीत करायचा म्हणजे १२ मिनिटे तरी द्यावी लागतात. एका वेळी सोळा बसतात. ताशी ८० निघतात आणि दारात २० गिऱ्हाइके उभी राहतात. अशा वेळी तवेकरी घाई करतो, आच वाढवतो, रवा बाहेरून काळा होतो आणि आत काट्यापाशी मांस गुलाबी राहते. ताटातला बांगडा उघडून काट्याजवळ पाहिले की तवा अपुरा आहे हे लगेच कळते. म्हणून १२०० चा तवा घ्यावा, असे माझे मत आहे.

अन्नपूर्णा_फोंडा

हा मुद्दा मला मान्य आहे. फक्त मांडवीकाठ यांनी उत्तरात सरासरी दिवस आणि कठीण दिवस असे दोन्ही हिशेब दाखवावेत आणि आपण कोणत्या दिवसासाठी तवा घेतला ते लिहावे. १२०० चा तवा इस्वणाच्या दिवशी काहीसा रिकामा तापत राहतो आणि तेवढा गॅस जातो. दोन स्वतंत्र ज्योतींचा तवा घेतल्यास गर्दी कमी असताना अर्धा भाग बंद ठेवता येतो.

मांडवीकाठ

फार उपयोगी माहिती मिळाली. मग मासळी साफ करण्याची जागा मागच्या दाराजवळ ठेवली ते बरोबर आहे का? आणि भांडी धुण्याची जागा मागेच राहिली तर काय बिघडते?

शेफ_वास्को

मासळीची जागा बरोबर आहे, पण सिंक उघड्यावर नको. हिशेब असा आहे. तळलेला तुकडा १०० ग्रॅम आणि हुमणातला, म्हणजे कालवणातला, ६० ग्रॅम धरल्यास २०० थाळ्यांना ३२ किलो साफ केलेली मासळी लागते. डोके, खवले, आतडी काढून सरासरी ६० टक्के हाती लागते असे मानले तर रोज ५३ किलो मासळी दारात येते आणि २१ किलो टाकाऊ भाग तयार होतो. २१ किलोची ओली घाण तापलेल्या स्वयंपाकघरातून एक पाऊलही आत येऊ नये. म्हणून दाराला लागूनच वेगळी खोली, तिला स्वतःचा उतार आणि गाळणीचे गटार, आणि तिच्यातच बर्फ व मासळीचा फ्रिज. साफ झालेली मासळी खिडकीतून ट्रेमध्ये आत यावी, साफ करणारा माणूस आत येऊ नये.

वाळपईची_सून

मी एका कारखान्याचे उपाहारगृह चालवते. आम्ही मासळी बाजारातच साफ करून, कापून घेतो. पणजी किंवा म्हापशाच्या बाजारात कापून देणाऱ्या बायका घरच्यापेक्षा सफाईने काम करतात. मग वेगळी खोली कशासाठी द्यायची? तेवढ्यात आणखी एक शीतकपाट बसेल.

शेफ_वास्को

ताई, तुमच्याकडे रोज ठरावीक पदार्थ असतो, म्हणून ते जमत असेल. येथे थाळीसोबत सुंगटे, तिसऱ्या, माणक्याही येणार. तिसऱ्या धुऊन, रेती काढून, उघडून घ्याव्या लागतात आणि ते बाजारात कोणी करून देत नाही. कापून आणलेली मासळीही पुन्हा धुवावी लागते आणि त्या पाण्याला वेगळा निचरा हवाच.

वाळपईची_सून

तिसऱ्यांचे मान्य आहे. तरी मी खोली दीड मीटर रुंदीचीच करीन आणि उरलेली जागा कोरड्या कोठीला देईन. पावसाळ्यात तांदूळ, रवा, मिरची, आमसुले यांना दमट हवा लागली तर होणारे नुकसान मासळीच्या खोलीपेक्षा मोठे असते.

अन्नपूर्णा_फोंडा

यावर दोन्ही बाजूंनी उत्तर लिहिता येते, आणि परीक्षक दोन्ही स्वीकारतो, फक्त खरेदीची पद्धत आधी लिहून ठेवावी लागते. कापलेली मासळी घेणार असाल तर तसे गृहीतक पहिल्या पानावर यावे.

भांड्यांचे मात्र मला ठामपणे सांगायचे आहे. उष्टी ताटे मागच्या कोपऱ्यात न्यायची म्हणजे वाढपी जेवणाच्या भागातून दहा मीटर आत चालत जाणार. त्या वाटेत शिजवण्याची रांग, थाळी लावण्याचे टेबल आणि भाजी चिरण्याची जागा लागते. जाताना उष्टे, येताना रिकामे हात, आणि तेच हात वाटेत भरलेली थाळी उचलणार. आराखड्यावर मासळीची वाट निळ्या पेन्सिलीने, शिजलेल्या अन्नाची लाल, उष्ट्याची काळी आणि कचऱ्याची तपकिरी काढून पाहा. काळी रेघ लाल रेघेला जितक्या ठिकाणी छेदते तितके दोष आराखड्यात आहेत. तुमच्या सध्याच्या मांडणीत ती रांगेच्या पूर्ण लांबीभर छेदत जाईल. सांडपाण्याची वाहिनी मागे आहे हे कारण पुरेसे नाही. जमिनीखालून नळ पुढे आणणे एकदाच होते, वाढप्यांचे चालणे रोज होते.

मी असा विचार करीन. मागचे अडीच मीटर आवक आणि साठ्याला : मासळीची खोली २.२ मीटर रुंद, कोरडी कोठी १.८ आणि दरवाजासमोरची वाट २ मीटर, जिच्यात वजनकाटा बसतो. मधले साडेचार मीटर तयारी आणि शिजवण्याला. पुढचे तीन मीटर दोन भागांत : एका बाजूला थाळी लावून देण्याची खिडकी, दुसऱ्या बाजूला उष्टी ताटे घेण्याची खिडकी आणि धुण्याची जागा. वाढपी एका दाराने आत येतो, ताटे ठेवतो, हात धुतो, भरलेली थाळी घेतो आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. तो शिजवण्याच्या भागात शिरतच नाही.

मधल्या भागाची रुंदीही तपासून पाहा. शिजवण्याची रांग भिंतीपासूनच्या फटीसह ०.९५ मीटर, समोर वाट १.५, मधले टेबल ०.९, त्यामागे वाट १.५ आणि समोरच्या भिंतीला भाजीचा ओटा ०.७५ मीटर. बेरीज ५.६ होते आणि उरलेल्या ०.४ मध्ये खांब व नळ जातात. जागा घट्ट आहे, पण बसते.

मागच्या दाराचा प्रश्न मात्र उरतो. माल, कर्मचारी आणि कचरा सगळे एकाच दाराने जातात. येथे दुसरा दरवाजा काढता येत नसेल तर वेळ वाटून द्यावी आणि ते आराखड्याच्या कडेला लिहावे : सकाळी माल, सेवा संपल्यावर कचरा.

वाळपईची_सून

धुण्याच्या जागेत यंत्र बसवणार की तीन सिंक? आमच्याकडे तीन सिंक आहेत आणि दोन बायका काम उरकतात. यंत्राला दुरुस्ती, रसायन आणि वीज लागते. गोव्यातल्या लहान हॉटेलांत यंत्र पडून राहिलेले मी पाहिले आहे.

शेफ_वास्को

येथे ताशी १०० थाळ्या, ५०० वाट्या, १०० पेले आणि चमचे धुवायचे आहेत. दोन बायकांनी हे करायचे ठरवले तर शेवटचा स्वच्छ पाण्याचा सिंक अर्ध्या तासात तेलकट होतो. पाण्यावर तरंगणारा पिवळा तवंग दिसला की समजावे, ताटे धुतलेली नाहीत, फक्त ओली झालेली आहेत.

यंत्र घेताना मात्र विक्रेता ताशी हजार ताटे सांगेल त्यावर जाऊ नये. ते आकडे एका रॅकमध्ये १८ लहान ताटे धरून काढलेले असतात. आपली स्टीलची मोठी थाळी ५०० बाय ५०० मिलिमीटरच्या रॅकमध्ये आठ-नऊच उभी राहते. नऊ धरल्यास १०० थाळ्यांना १२ रॅक, वाट्या पंचवीस प्रमाणे २० रॅक, पेले आणि चमचे मिळून आणखी ५. म्हणजे ताशी ३७ रॅक. एका मिनिटाची फेरी असलेले यंत्र कागदावर ६० रॅक करते. भरणे, काढणे, झाकण वर-खाली करणे धरून चाळीसच्या आसपास होते. म्हणजे ते जेमतेम पुरते आणि त्याच्यापेक्षा लहान यंत्र चालणार नाही.

मांडवीकाठ

हा हिशेब यादीत घालतो. विजेचा काय विचार करावा?

धुराडे

मी स्वयंपाकघरांची धूर-निष्कासन आणि हवा यांची कामे करतो, मडगाव ते काणकोण पट्ट्यात. विजेचे आधी सांगतो. धुण्याच्या यंत्रात शेवटची धुणी ८२ अंशांच्या पाण्याची असते आणि प्रत्येक रॅकला सुमारे ३ लिटर लागते. ३७ रॅकचे ते पाणी २८ अंशांपासून तापवायला सुमारे ७ किलोवॅट सतत लागतात. टाकीचा आणि पंपाचा भार त्यावर. मंजूर वीजभार आधी पाहून घ्यावा, कारण यंत्र येऊन बसल्यावर भार वाढवून मिळेपर्यंत ताटे हातानेच धुवावी लागतात.

आता धुराचे. रांगेत भाताचे भांडे ०.९ मीटर, चार ज्योतींची शेगडी ०.८, तवा १.२ आणि तळणी ०.४, फटी धरून साडेतीन मीटर होतात. रांगेवरचे धूर ओढणारे हूड दोन्ही टोकांना १५ सेंटिमीटर पुढे यायला हवे, म्हणजे लांबी ३.८. हूडची खोली रांगेपुढे निघणाऱ्या भागासह १.२ मीटर. तोंडाचे क्षेत्रफळ ४.५६ चौरस मीटर. तळण असलेल्या रांगेवर तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.४ मीटर धरला तर सेकंदाला १.८२ घनमीटर, म्हणजे ताशी ६,५६० घनमीटरच्या आसपास हवा ओढावी लागते. स्वयंपाकघराचे घनफळ १८० घनमीटर आहे, म्हणजे तासाला जवळपास ३६ वेळा हवा बदलते. व्यावसायिक स्वयंपाकघरासाठी हा आकडा योग्य पट्ट्यात येतो, त्यामुळे हिशेबाची एक तपासणीही होते.

शेगड्या मधोमध असत्या तर हूडला चारही बाजूंनी हवा खेचावी लागली असती, वेग वाढवावा लागला असता आणि पंखा मोठा झाला असता. भिंतीला लावल्याने एक बाजू बंद होते. बाईंनी भाताच्या कारणाने रांग हलवली, मी पंख्याच्या कारणाने तीच हलवली असती.

विद्यार्थ्यांच्या आराखड्यांत हमखास राहून जाते ती आत येणारी हवा. पंखा ६,५०० घनमीटर बाहेर टाकणार, ती हवा कोठून तरी यायला हवी. वेगळा गाळणी असलेला पंखा लावून त्यातली ८० टक्के हवा, म्हणजे ५,२०० घनमीटरच्या आसपास, आत द्यावी आणि उरलेली जेवणाच्या भागातून येऊ द्यावी, म्हणजे वास बाहेर जात नाही. हे केले नाही तर स्वयंपाकघर जेवणाच्या भागातली वातानुकूलित हवा ओढते. दार उघडताना जोर लावावा लागतो, शेगडीची ज्योत एका बाजूला झुकते आणि धूर हूडच्या पुढच्या कडेखालून निसटतो. हे पाहून बरेच जण पंखा मोठा करून घेतात, त्यामुळे हवा आणखी कमी पडते आणि त्रास वाढतो. एका जागी मी पंखा न बदलता फक्त मागच्या भिंतीत आवक उघडली आणि धूर थांबला.

वाहिनी ४५० बाय ४५० मिलिमीटर ठेवली तर आतला वेग सेकंदाला ९ मीटर राहतो. तेलाचे थेंब आत साचू नयेत आणि आवाजही फार होऊ नये, असा तो वेग आहे. तवा १२०० चा घ्यायचा ठरल्याने हूड तीस सेंटिमीटर वाढले, हेही उत्तरात लिहा. उपकरण बदलले की हवा बदलते, हे परीक्षकाला दिसले पाहिजे.

म्हापसेकर

स्टीलच्या ओट्यांबद्दल कोणी बोलले नाही. मी चुंबक लावून बघतो, चिकटला नाही की चांगला माल. मागच्या वर्षी घेतलेल्या टेबलाला तरीही पायांशी तांबडे डाग आले आहेत.

धुराडे

दादा, चुंबकाने अर्धेच काम होते. २०२ आणि ३०४ या दोन्ही जातींना साधारणतः चुंबक चिकटत नाही, त्यामुळे तुमच्या टेबलाला २०२ लावून दिलेले असणे शक्य आहे. आपल्या समुद्राकडच्या हवेत आणि मासळीच्या खारट पाण्यात २०२ लवकर डागाळते. बिलावर जात लिहून घ्यावी आणि माल उतरवून घेताना रसायनाचा थेंब टाकून चाचणी करावी, मँगनीज जास्त असलेला २०२ त्यात रंगाने ओळखू येतो. मासळीच्या खोलीत ३०४ पेक्षा कमी काही घेऊ नये. ओट्याचा पत्रा १.२ ते १.५ मिलिमीटर जाडीचा असावा, नाहीतर मोठा इस्वण कापताना तो लवतो.

रेखांश

माझ्या त्रिकोणाच्या मताला उत्तर मिळाले, पण एक शंका राहते. प्रश्नात फक्त दुपारची थाळी आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. तेव्हा ताजी मासळी कमी येणार. मग आराखडा कोणत्या महिन्यासाठी आखायचा?

शेफ_वास्को

प्रश्न महत्त्वाचा आहे. त्या दोन महिन्यांत गोठवलेल्या मासळीवर काम करावे लागते, म्हणजे −१८ अंशांचा डीप फ्रीजर हवाच. पण त्याहून अधिक अडचण वितळवण्याची असते. ३२ किलो मासळी रात्रभर ५ अंशांखाली ठेवून हळूहळू वितळवावी लागते, म्हणजे मासळीच्या फ्रिजमध्ये आजचा साठा आणि उद्यासाठी वितळत असलेला साठा, दोन्ही एकाच वेळी राहतात. म्हणून तो फ्रिज ३२ किलोसाठी नाही, तर ६४ किलोसाठी घ्यावा. जागा कमी पडली की लोक मासळी सिंकमध्ये उघडी ठेवतात आणि सकाळी वरचा थर मऊ, आतला भाग बर्फ, असा माल मिळतो. अशा तुकड्याला रवा नीट धरत नाही, तो तव्यावर सुटून पडतो.

वाळपईची_सून

सोमवारचाही विचार करा. आमच्याकडे सोमवारी मासळी जवळपास चालत नाही, श्रावणात तर विशेषच. त्या दिवशी तवा थंड आणि तळणीवर भजी व कापांची गर्दी. लहान तळणी असेल तर तोच खोळंबा दुसऱ्या जागी होतो.

मांडवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रांग भिंतीला नेली, धुण्याची जागा पुढे आणली, दोन दारांची फेरी ठेवली. मासळीची खोली २.२ मीटर ठेवावी की १.५, हे अजून ठरलेले नाही. खरेदीचे गृहीतक लिहून दोन्ही पर्याय जोडता येतील का, असा विचार आहे. तळणी ०.४ ची ०.६ केली तर हूड ४ मीटरचे होईल आणि हवेचा आकडा पुन्हा काढावा लागेल.

धुराडे

४ गुणिले १.२ गुणिले ०.४ म्हणजे सेकंदाला १.९२ घनमीटर, ताशी ६,९०० च्या आसपास. वाहिनी तीच ठेवली तर वेग साडेनऊ होतो, तो चालेल. मात्र साडेचार मीटरच्या भागात हूडनंतर अर्धाच मीटर उरतो. तेथे गॅसचा मुख्य वाल्व ठेवा आणि तो रांगेच्या मागे लपवू नका, तळणीला आग लागली तर ज्वाळेवरून हात न नेता तो बंद करता आला पाहिजे.

अन्नपूर्णा_फोंडा

दोन पर्याय जोडू नयेत. एकच आराखडा द्यावा आणि दुसरा का सोडला ते चार ओळींत लिहावे. तळणीचा हिशेबही सोमवारच्या १०० थाळ्यांवरून काढावा, मासळीच्या दिवसावरून नको. भजी आणि कापांना लागणारी मिनिटे शेफ सांगतील, त्यावरून ०.४ पुरते की नाही ते आधी तपासावे आणि मगच हूडला हात लावावा.

शेफ_वास्को

नीरफणसाची कापे आम्ही तव्यावरच रवा लावून करतो, त्यामुळे सोमवारीही तवा थंड नसतो. तळणीवर फक्त भजी जातात. ८ लिटरच्या तळणीत एका घाण्याला सुमारे ८०० ग्रॅम भजी निघतात आणि तेल पुन्हा तापण्याचा वेळ धरून ५ मिनिटे लागतात. ताशी साडेनऊ किलो होतात. थाळीमागे ६० ग्रॅम दिली तर १०० थाळ्यांना ६ किलो पुरतात. तळणी ०.४ चीच ठेवा.